माल गेला, पण कधी गेला? आठवड्याच्या डिस्पॅच अहवालातली सूत्रं

आज आपण गोडाऊनच्या आठवड्याच्या डिस्पॅच अहवालात कोणते आकडे ठेवायचे आणि त्यांची सूत्रं नेमकी कशी लिहायची, ते बघणार आहोत. अहवालात वीस-वीस आकडे असतात, पण सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर जाते: 'वेळेत डिस्पॅच किती टक्के?' म्हणून आज मुख्यतः याच आकड्याबद्दल बोलू. कारण याचं सूत्र चुकलं, तर काम बिघडत जातं आणि आकडा मात्र सुधारत जातो.

उदाहरणासाठी एक गोडाऊन कल्पनेनं उभं करू. भिवंडीला, मुंबई-नाशिक महामार्गालगत आहे असं समजा. दुचाकीचे सुटे भाग डीलरांना पाठवतात. काम सोमवार ते शनिवार. डीलरांना दिलेला शब्द असा, की दुपारी बारापर्यंत आलेली ऑर्डर त्याच दिवशी संध्याकाळी सातच्या आत निघेल. बारानंतर आलेली ऑर्डर पुढच्या कामाच्या दिवशी सातच्या आत निघेल. आकडे मी सोपे घेतले आहेत.

आता एका आठवड्याचा हिशोब बघा.

- सोमवारी सकाळी पेंडिंग: ६० ऑर्डर
- आठवड्यात नवीन आल्या: ५४०
- ग्राहकानं रद्द केल्या: १०
- डिस्पॅच झाल्या: ५२०
- शनिवारी रात्री पेंडिंग: ७०

६० अधिक ५४० म्हणजे ६००. त्यातून १० आणि ५२० वजा केले की ७० उरतात. हा ताळा अहवालाच्या अगदी वरच्या ओळीत असायलाच हवा. तो जुळत नसेल तर खालची टक्केवारी वाचूच नका. कुठेतरी ऑर्डर दोनदा मोजली गेली आहे, किंवा एका ऑर्डरची दोन बिलं झाली आणि ती दोन ऑर्डर म्हणून धरली गेली आहेत. ताळा न जुळण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे.

आता टक्केवारी. डिस्पॅच झालेल्या ५२० पैकी ४६८ ऑर्डर दिलेल्या वेळेत गेल्या, ५२ उशिरा गेल्या. बहुतेक ठिकाणी सूत्र असं असतं: वेळेत गेलेल्या भागिले एकूण गेलेल्या. म्हणजे ४६८ भागिले ५२०, बरोबर ९० टक्के. दिसायला सरळ आहे. पण आता एक प्रश्न विचारा. त्या उशीर झालेल्या ५२ ऑर्डर या आठवड्यात पाठवल्याच नसत्या, तशाच पडू दिल्या असत्या, तर?

मग ४६८ भागिले ४६८. शंभर टक्के!

बघा, जो डीलर आधीच वाट बघतोय त्याला अजून ताटकळत ठेवलं की सुपरवायझरचा आकडा सुधारतो. यात कुणाची लबाडी असायला हवी असंही नाही. शुक्रवारी संध्याकाळी माणसं कमी आहेत, गाडीत जागा थोडी आहे, आणि समोर एक आजची ऑर्डर आणि एक मंगळवारची राहिलेली ऑर्डर आहे. आजची भरली तर आकडा वर जातो, मंगळवारची भरली तर खाली येतो. मग हात कुठे जाईल, ते सांगायला नको.

दोष छेदात आहे. अंश बरोबर आहे, पण भागायचं ते 'किती गेल्या' यानं नाही, तर 'किती जायला हव्या होत्या' यानं. म्हणजे ज्या ऑर्डरींची दिलेली वेळ या आठवड्यात संपत होती, त्या सगळ्या छेदात, मग त्या गेल्या असोत वा नसोत.

आपल्या उदाहरणात तो छेद काढू. सुरुवातीच्या ६० पेंडिंगपैकी ३५ ऑर्डर मागच्या शनिवारी दुपारी आलेल्या, त्यांची वेळ सोमवारी संध्याकाळची. उरलेल्या २५ मागच्याच आठवड्यात थकलेल्या. नवीन ५४० पैकी ३० या शनिवारी दुपारनंतर आल्या, त्यांची वेळ पुढच्या सोमवारची. म्हणजे या आठवड्यात देय ऑर्डर झाल्या ३५ अधिक ५१०, एकूण ५४५. रद्द झालेल्या १० वेळ संपायच्या आधीच ग्राहकानं रद्द केल्या, म्हणून त्या वगळू. छेद आला ५३५. आणि ४६८ भागिले ५३५ म्हणजे साधारण ८७.५ टक्के.

तुम्ही म्हणाल, ९० आणि ८७.५ मध्ये असा काय फरक? फरक वागणुकीत आहे. उशिराच्या ऑर्डर दाबून ठेवा किंवा पाठवा, ८७.५ हलत नाही. हा आकडा वाढवायचा एकच मार्ग, ऑर्डर वेळेत काढणं.

मात्र दोन अटी सूत्राबरोबर लिहून ठेवा. पहिली, देय वेळ म्हणजे ऑर्डर घेताना दिलेली मूळ वेळ. पुष्कळ सिस्टिममध्ये ती तारीख नंतर बदलता येते, आणि उशीर होतोय असं दिसलं की कुणीतरी ती पुढे ढकलतो. म्हणून मूळ तारीख वेगळ्या रकान्यात गोठवून ठेवा. दुसरी, वेळ उलटून गेल्यावर वैतागून ग्राहकानं रद्द केलेली ऑर्डर छेदातच राहील. ती आपलीच चूक आहे.

एक्सेलमध्ये हे असं बसतं. `H1` मध्ये या सोमवारची तारीख, `H2` मध्ये पुढच्या सोमवारची. `Cancel` रकाना फक्त वेळेआधी रद्द झालेल्या ऑर्डरींसाठी भरायचा.

```
=SUMPRODUCT((Due>=H1)*(Due<H2)*(Cancel="")*(GateOut<>"")*(GateOut<=Due))
/SUMPRODUCT((Due>=H1)*(Due<H2)*(Cancel=""))
```

यात `GateOut<>""` ही अट विसरू नका. एक्सेल रिकाम्या खान्याला शून्य समजतं, आणि शून्य हे कुठल्याही तारखेपेक्षा लहान. म्हणजे जी ऑर्डर अजून गोडाऊनमध्येच आहे, ती 'वेळेत गेली' म्हणून मोजली जाते. टक्केवारी अचानक फार चांगली दिसायला लागली तर आधी हे तपासा.

इथे `GateOut` का घेतलं, बिलाची वेळ का नाही? हा दुसरा मुद्दा. 'डिस्पॅच झालं' असं आपण नक्की कधी म्हणायचं? पिकिंग झाल्यावर, पॅकिंग झाल्यावर, बिल फाडल्यावर की गाडी गेटबाहेर पडल्यावर? सिस्टिममधून सर्वात सहज मिळते ती बिलाची वेळ, म्हणून बहुतेक अहवाल तीच धरतात. पण बिल शनिवारी सहाला होतं आणि माल डॉकवरच राहतो, कारण ट्रान्सपोर्टरची गाडी आलेली नसते. अहवालात ती ऑर्डर शनिवारी गेली, डीलरसाठी ती सोमवारी निघाली. ई-वे बिल झालं म्हणजेही गाडी निघालीच असं नाही, ते गाडी निघायच्या आधी तयार करता येतं. खरी वेळ गेट रजिस्टरमध्ये असते.

आता गेट रजिस्टर हातानं लिहितात, त्यातही गोंधळ असतो. ओळखायचं कसं? पाच गाड्यांपुढे एकच वेळ दिसली, किंवा सगळ्या नोंदी पाच वाजता, साडेपाच वाजता अशा गोल आकड्यात असल्या, तर त्या नंतर बसून भरलेल्या आहेत. दुसरी तपासणी अशी, की प्रत्येक ऑर्डरची बिल ते गेट ही मधली वेळ काढा. शनिवारी आणि महिनाअखेरीला ती वाढत असेल, तर विक्रीचा आकडा गाठायला बिलं आधी होतायत आणि माल मागे राहतोय.

तिसरा मुद्दा थकलेल्या ऑर्डरींचा. आपलं नवं सूत्र चांगलं आहे, पण त्याला एक मर्यादा आहे. ऑर्डरची वेळ एकदा चुकली की ती उद्या गेली काय आणि महिन्यानं गेली काय, ८७.५ तसाच राहतो. म्हणून त्याच्या शेजारी दुसरा आकडा लागतोच: आठवड्याअखेर वेळ उलटून गेलेल्या पेंडिंग ऑर्डर किती, आणि किती दिवसांच्या. हा टक्क्यात नको, मोजून सांगा.

शनिवारच्या ७० पेंडिंगमध्ये ३० ची वेळ अजून यायचीय, त्यात काही वावगं नाही. उशिरा गेलेल्या ५२ पैकी २० जुन्या थकलेल्या होत्या, म्हणजे २५ पैकी ५ अजून पडून आहेत. उरलेल्या ३२ याच आठवड्यातल्या. ५३५ मधून ४६८ आणि ३२ वजा केले की ३५ राहतात. म्हणजे थकलेल्या ४०: या आठवड्यातल्या ३५ आणि त्याआधीच्या ५. मीटिंगमध्ये त्या ५ ऑर्डरींचे नंबर वाचून दाखवा. टक्केवारीवर वाद घालता येतो. 'या पाच डीलरांचा माल का गेला नाही?' याला मात्र उत्तरच द्यावं लागतं.

मागून प्रश्न आलाय, अर्धवट माल पाठवला तर काय धरायचं? चांगला प्रश्न आहे. दहा आयटेमच्या ऑर्डरीत नऊ गेले. आयटेमनं मोजलं तर ९० टक्के, ऑर्डरीनं मोजलं तर शून्य. एका क्लच प्लेटसाठी डीलरकडे गाडी उघडी पडून असेल, तर त्याच्या दृष्टीनं शून्यच खरं. म्हणून चौथा आकडा, 'वेळेत आणि पूर्ण'. समजा ४६८ पैकी ४२१ पूर्ण होत्या. ४२१ भागिले ५३५, साधारण ७८.७ टक्के. छेद तोच, हे लक्षात घ्या. छेद एक ठेवला की दोन आकड्यांची वजाबाकी करता येते: उशिरानं किती गमावलं आणि अपुरेपणानं किती.

अपुऱ्या ४७ ची कारणं मात्र वेगळी करा. समजा ३८ मध्ये स्टॉकच नव्हता, ९ मध्ये स्टॉक असून पिकिंगमध्ये सुटलं. पहिलं खरेदीकडे जातं, दुसरं गोडाऊनकडे. हे वेगळं केलं नाही तर पिकिंग करणाऱ्या पोरांना खरेदीच्या चुकीसाठी बोलणी बसतात, आणि मग कारणाच्या रकान्यात प्रत्येक जण 'स्टॉक नव्हता' लिहायला लागतो. आठवड्यातून चार-पाच अशा नोंदी घेऊन त्या दिवशीचा स्टॉक बघितला, की खरं-खोटं कळतं.

नावाबद्दल एक सांगतो. या आकड्याला सरसकट 'ओटीआयएफ' म्हणू नका. ओटीआयएफमध्ये माल ग्राहकाच्या दारात वेळेत आणि पूर्ण पोचणं मोजतात. वॉलमार्टनं २०१७ मध्ये पुरवठादारांना लावलेला नियमही तसाच होता. आपण मोजतोय ते गेटपर्यंतचं. रस्त्यातला उशीर यात दिसत नाही, त्यासाठी पोच पावतीची तारीख लागेल.

तर अहवाल एका पानाचा: वर ताळा, मग देय ऑर्डरींपैकी वेळेत किती, त्यातल्या वेळेत आणि पूर्ण किती, आणि थकलेल्या ऑर्डर दिवसांनुसार. प्रत्येक आकड्याखाली एका ओळीत लिहा: अंशात काय, छेदात काय, वेळ कुठली धरली आणि काय वगळलं. सूत्र बदलायचं झालं तर तारीख टाकून बदला आणि पुढचे चार आठवडे जुना-नवा दोन्ही आकडे शेजारी छापा. नाहीतर ९० चे ८७.५ झाले की काम बिघडलं असं वरच्यांना वाटेल, आणि पुढच्याच आठवड्यात जुनं सूत्र परत येईल.

आता बाकीचे प्रश्न घेऊ.