पोस्टरवर विषय नको, निष्कर्ष लिहा!

विभागाच्या संशोधन दिनाला लागणारी बरीचशी पोस्टर म्हणजे प्रबंधाचीच छोटी आवृत्ती असते. चालता चालता ती कोण वाचणार? अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात मानसशास्त्रात पीएचडी करणाऱ्या माइक मॉरिसन यांनी 2019 मध्ये यावर उपाय मांडला. मधोमध मोठ्या अक्षरांत, साध्या भाषेत एकच निष्कर्ष. बाजूच्या अरुंद पट्ट्यांत पद्धत आणि आलेख. सविस्तर शोधनिबंध क्यूआर कोडमागे.

खरी कसरत त्या एका वाक्याची. समजा, सिव्हिलचा प्रकल्प काँक्रीटमधील फ्लाय ॲशवर आहे. ‘फ्लाय ॲशचा काँक्रीटच्या ताकदीवरील परिणाम : एक अभ्यास’ हा झाला विषय, हाती काय लागले, ते कळत नाही. ‘20 टक्के सिमेंटऐवजी फ्लाय ॲश : ताकद 28 दिवसांना कमी, 90 दिवसांना बरोबरीत’ हा निष्कर्ष. यातले ‘28 दिवसांना कमी’ गाळले, तर वाक्य चटपटीत होईल. पण ते वाचणारा साइट इंजिनीअर सेंट्रिंग वेळेआधी काढायला मोकळा. सोबत 7, 28 आणि 90 दिवसांच्या दोन रेषांचा एक आलेख पुरे. बाकीचे तक्ते क्यूआर कोडमागे जाऊ द्यावेत.

छपाईआधी ए-0 पोस्टर ए-4 कागदावर काढून पाहावे. लांबी-रुंदी एक चतुर्थांश होते, त्यामुळे 50 सेंटीमीटरवर धरलेला कागद दोन मीटरवरच्या पोस्टरइतकाच दिसतो. आलेखाच्या अक्षांवरील आकडे वाचता येत नसतील, तर आधी मजकूर कापावा, मग अक्षर वाढवावे.