जनावर गाभडलं? आधी हात झाका, मगच वार उचला

गटाच्या बैठकीत शेळी-गायीचा विषय निघाला की चारा, दूध, बाजारभाव आणि कर्जाचा हप्ता यावर भरपूर बोलणं होतं. जनावर गाभडलं तर मात्र "नजर लागली" किंवा "दुसरीचं शिंग लागलं असेल" एवढ्यावर ते मिटतं. मेलेलं करडू उकिरड्यावर जातं, वार कुत्रं ओढून नेतं, आणि गोठा साफ करायचं काम घरातली बाई नाहीतर रोजानं आलेली बाई उघड्या हातानं करते. त्या उघड्या हातांतून एक आजार माणसात येतो. त्याचं नाव ब्रुसेलोसिस. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याला सांसर्गिक गर्भपात असंही म्हणतात.

आजार गोठ्यात कसा राहतो

हा आजार ब्रुसेला नावाच्या जंतूंमुळे होतो. गायी-म्हशींमध्ये त्याचा एक प्रकार जास्त सापडतो आणि शेळ्या-मेंढ्यांमध्ये दुसरा. शेळीचा प्रकार माणसाला जास्त त्रास देतो. गाभण जनावराच्या पिशवीत आणि वारेत हे जंतू प्रचंड वाढतात. मग गाय बहुतेक वेळा पाच महिन्यांनंतर, जास्त करून सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते. शेळी पाच महिन्यांत विते, ती साधारण चौथ्या महिन्यात गाभडते. बऱ्याचदा वारही अडकते.

फसवणारी गोष्ट पुढंच आहे. आजारी गाय बहुतेक वेळा एकदाच गाभडते. पुढच्या वेळी ती नीट विते, खाते-पिते, दूध देते. आपल्याला वाटतं, संकट टळलं. पण जंतू तिच्या अंगातच असतात. ती नीट व्याली तरी तिच्या वारेतून, पाण्यातून आणि दुधातून ते बाहेर येत राहतात. तिथला चारा खाल्ला, ती जागा चाटली की दुसऱ्या जनावराला लागण होते.

वरून धडधाकट दिसणारी शेळी माणसाला आजारी पाडते, हे कळायलाही वेळ लागला होता. माल्टा नावाच्या बेटावर इंग्रज सैनिकांना लांबलचक ताप यायचा. १९०५ साली थेमिस्टोक्लीस झॅमिट या तिथल्या डॉक्टरांनी शेळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा दिसायला निरोगी असलेल्या शेळ्यांतच तो आजार निघाला. सैनिकांना शेळीचं कच्चं दूध देणं बंद केल्यावर त्यांच्यातला ताप ओसरला.

प्रत्येक गाभडणं म्हणजे ब्रुसेलोसिस असं नाही. मार लागून, बुरशीच्या चाऱ्यानं किंवा दुसऱ्या आजारानंही गाभ जातो. नुसतं बघून ते कुणालाच ओळखता येत नाही, तपासणीच करावी लागते. म्हणून तपासणी होईपर्यंत ब्रुसेलोसिसच आहे असं धरून हात लावायचा.

एक उदाहरण बघू

समजा, एका ताईनं गटातून कर्ज काढून सहा शेळ्या घेतल्या. चार गाभण आहेत. पहाटे उठून बघते तर चौथ्या महिन्यातली एक गाभडलेली. मेलेलं करडू खाली पडलंय, वार अर्धी लोंबतेय. आता तिनं काय करायचं?

सगळ्यात आधी माणसं आणि जनावरं लांब करायची. बाकीच्या शेळ्या दुसरीकडं बांधायच्या. पोरं, कुत्री, कोंबड्या आत येऊ द्यायच्या नाहीत. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं त्या दिवशी गोठ्यात पाऊलही टाकायचं नाही, कारण या आजारानं बाईचाही गर्भपात होऊ शकतो.

मग पशुसखीला आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करायचा. १९६२ हा टोल फ्री नंबरही आहे. "गाभ गेलाय, नमुना घ्यायला येणार का?" असं स्पष्ट विचारायचं. डॉक्टर त्याच दिवशी येणार असतील तर करडू आणि वार दुहेरी पिशवीत घालून झाकणाच्या बादलीत सावलीला ठेवायचं. यायला जमणार नसेल तर वाट न बघता पुरायचं.

उचलायच्या आधी स्वतःला झाकायचं. हाताला भेगा, काप, खरचटलेलं असेल तर आधी पट्टी लावायची, कारण जंतू तिथूनच आत शिरतात. त्यावर रबरी हातमोजे. ते नसतील तर प्रत्येक हातात एकावर एक दोन न फाटलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या घालून मनगटाला दोरी बांधायची. नाका-तोंडाला मास्क किंवा दुपदरी रुमाल, डोळ्यांना चष्मा, पायात बूट. डोळ्यात उडालेल्या एका थेंबातूनही लागण होते, म्हणून चष्म्याचा कंटाळा करू नका.

लोंबणारी वार ओढायची नाही. तिला दगड किंवा चप्पल बांधायची नाही. ओढल्यानं पिशवीला इजा होते आणि सगळं आपल्या अंगावर उडतं. १२ तासांत वार पडली नाही तर डॉक्टरांनाच बोलवा. घरातल्या कुणीही उघडा हात आत घालायचा नाही, मग तो कितीही अनुभवी असो.

खड्डा विहीर, बोअर आणि ओढ्यापासून लांब घ्यायचा. निदान ४ फूट खोल, म्हणजे कुत्र्याला उकरता येणार नाही. तळाला कळीचा चुना, त्यावर करडू, वार, भिजलेली काड आणि माती, वर पुन्हा चुना, मग माती दाबून काटेरी फांद्या. चुना डोळ्यात जाऊ देऊ नका. आपल्याकडं कुठं कुठं वार पोत्यात बांधून वडाच्या झाडाला टांगतात, कुठं ओढ्यात सोडतात. दूध वाढावं ही त्यामागची भावना असते, पण कावळे-कुत्री ती फाडतात आणि आजार गावभर फिरतो. वार मातीतच जाऊ द्या.

मग जागेची सफाई. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवायची. आधी ओली काड आणि शेण उचलून घ्यायचं, कारण शेणावर ओतलेलं ब्लीचिंग वाया जातं. मग पाणी हळूच ओतून अर्धा तास तसंच ठेवायचं. खराट्यानं जोरात झाडायचं नाही, नळीनं फवारायचं नाही. उडालेल्या थेंबांतून आणि धुळीतून जंतू श्वासात जातात. ब्लीचिंगमध्ये फिनेल किंवा ॲसिड मिसळू नका, विषारी वायू निघतो.

शेवटी स्वतःची सफाई. पिशव्या उलट्या करून काढायच्या आणि त्याच खड्ड्यात टाकायच्या. रबरी मोजे पुन्हा वापरायचे असतील तर ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून ठेवायचे. हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे, अंघोळ करायची आणि कपडे घरच्या धुण्यात न मिसळता उकळत्या पाण्यात घालायचे. हे सगळं होईपर्यंत चहा, तंबाखू, मिश्री काही नाही.

त्या शेळीचं पुढं काय

गाभडलेल्या शेळीच्या अंगातून येणाऱ्या स्रावात दोन-तीन महिने जंतू असू शकतात. म्हणून तिला वेगळं बांधायचं, चारा-पाणी वेगळं द्यायचं, आणि रोज बाकीच्या शेळ्यांचं काम उरकून शेवटी तिचं करायचं. रक्त तपासून घ्यायचं. गाभडल्यावर लगेच घेतलेल्या रक्तात कधी कधी आजार दिसत नाही, म्हणून साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी मागा.

आजार निघाला तर जनावराला औषधानं बरं करण्याचा भरवसा नसतो. इथं खरी अडचण येते, कारण कर्जाचा हप्ता डोक्यावर असतो आणि मनात येतं, बाजारात विकून मोकळं व्हावं. पण ती शेळी कुणीतरी विकत घेणारच. कदाचित शेजारच्या गावच्या गटातली बाई, तीही कर्ज काढून. तिच्या गोठ्यातल्या सगळ्या गाभण शेळ्या मग धोक्यात. त्या शेळीचं काय करायचं ते पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारा आणि हप्त्याची मुदत वाढवायचा विषय उघडपणे गटात मांडा. नवीन शेळी घेतानाही "ही कधी गाभडली होती का?" हे विचारा, शक्य असेल तर रक्त तपासूनच घ्या आणि आणल्यावर महिनाभर वेगळी बांधा.

दूध नेहमी उकळी येऊन वर येईपर्यंत तापवा. शेळीचं धारोष्ण दूध पोरांना ताकदीचं म्हणून पाजतात, ते बंद करा. कच्चा चीकही चाखू नका.

लस कुणाला मिळते

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात २०१९ पासून या आजाराची लस मोफत आहे. ती फक्त गायी-म्हशींच्या मादी वासरांना, म्हणजे कालवड आणि पारडीला, ४ ते ८ महिने वयात, आयुष्यात एकदाच देतात. गाभण जनावराला आणि नराला देत नाहीत. लसीत जिवंत जंतू असतात, म्हणून सुई घरी मागवून टोचायची नाही. ते काम डॉक्टरांचंच. शेळ्यांची लस या कार्यक्रमात नाही, त्यामुळं शेळीवाल्या तायांना तपासणी आणि हातमोजे हाच आधार.

ताप आला तर डॉक्टरांना हे सांगा

माणसात हा आजार बहुधा एक ते चार आठवड्यांत, कधी काही महिन्यांनी दिसतो. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. रात्री घामानं अंथरूण भिजतं. कंबर आणि सांधे धरतात, जीव गळून जातो. पुरुषांच्या अंडकोषाला सूज येऊ शकते. टायफॉईड किंवा मलेरिया समजून औषधं होतात, थोडं बरं वाटतं आणि ताप परत येतो.

अशा वेळी एक वाक्य आपणहून सांगायचं: "डॉक्टर, मी गाभडलेल्या जनावराचं काम केलं होतं." तुम्ही सांगितल्याशिवाय हा आजार त्यांच्या डोक्यात येईलच असं नाही. सांगितलंत तर रक्ताची तपासणी होते. औषधं दोन प्रकारची मिळून साधारण सहा आठवडे चालतात. दहा दिवसांत ताप उतरला म्हणून गोळ्या सोडल्या तर आजार उलटतो. गरोदर असाल तर तेही आधी सांगा, औषधं वेगळी लागतात. एका माणसापासून दुसऱ्याला हा आजार क्वचितच होतो, म्हणून आजारी बाईचं ताट-अंथरूण वेगळं करायची गरज नाही.

पुढच्या बैठकीत ग्रामसंघासाठी एक बादली तयार करायचा विषय घ्या: रबरी हातमोज्यांच्या दोन जोड्या, मास्क, चष्मा, जाड पिशव्या आणि साबण. ब्लीचिंग पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, चुना वेगळ्या कोरड्या डब्यात, आणि झाकणावर पशुसखीचा नंबर. ती पशुसखीच्या घरी ठेवा. रोजानं येणाऱ्या बाईला गोठा साफ करायला लावताना त्यातले मोजे तिच्याही हातात द्या. आणि जनावर नीट व्यालं तरी वार उचलताना ते घालाच.