करंट उणे आला म्हणून उत्तर चुकलं का?

“सर, मेशचं गणित पुन्हा पुन्हा सोडवून पाहिलं. दुसऱ्या मेशचा करंट दर वेळी उणे १.५ अँपिअरच येतो. करंट उणे कसा असेल? माझं कुठे चुकतंय? की उणे चिन्ह काढून नुसतं १.५ लिहू?”

इलेक्ट्रिकल डिप्लोमा करणाऱ्या एका विद्यार्थिनीचं हे पत्र. यातले पहिले दोन प्रश्न चांगले आहेत. तिसरा मात्र धोक्याचा आहे, आणि परीक्षेत मुलं नेमकं तेच करतात.

तिचं सर्किट साधं आहे. मधोमध ४ ओहमचा रेझिस्टर. डावीकडे १२ व्होल्टची बॅटरी, उजवीकडे १३ व्होल्टची, आणि दोघींच्या वाटेत २-२ ओहमचा एकेक रेझिस्टर. दोन्ही बॅटऱ्यांची धन टोकं वरच्या बाजूला. आकृतीत अशा दोन बंद चौकटी तयार होतात. प्रत्येक चौकट म्हणजे एक मेश, आणि प्रत्येकीत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरणारा एक करंट आपण कल्पून घेतो. मधला रेझिस्टर दोघींच्या सामाईक मालकीचा, म्हणून त्यातला खरा करंट या दोन करंटच्या वजाबाकीइतका. आता प्रत्येक चौकटीभोवती एक फेरी मारून व्होल्टेजची बेरीज शून्य करायची. हा किरचॉफचा नियम. त्यानं तो १८४५ मध्ये मांडला तेव्हा तोही विद्यार्थीच होता. समीकरणं अशी:

6I₁ − 4I₂ = 12
−4I₁ + 6I₂ = −13

सोडवल्यावर I₁ = 1 आणि I₂ = −1.5. म्हणजे तिचं उत्तर बरोबर आहे.

बाणाची दिशा सर्किटनं ठरवलेली नव्हती, ती आपण ठरवली होती. उजवीकडचा करंट घड्याळाच्या दिशेनं फिरतो असं आपण समीकरण मांडण्याआधीच धरून चाललो. उणे चिन्हाचा अर्थ एवढाच, की तो प्रत्यक्षात उलट फिरतो. उजवी बॅटरी धन टोकातून १.५ अँपिअर बाहेर देते आहे. तिची बॅटरी ३ व्होल्टची असती, तर I₂ अधिक १.५ आला असता, आणि ती बॅटरी करंट देण्याऐवजी डावीकडून चार्ज होत राहिली असती. बरोबर ८ व्होल्टला हा करंट शून्य होतो.

आता चिन्ह पुसून पाहू. I₂ ला अधिक १.५ धरलं, की मधल्या रेझिस्टरमध्ये १ वजा १.५, म्हणजे उणे अर्धा अँपिअर. डाव्या चौकटीत फेरी मारली तर २ ओहमवर २ व्होल्ट, ४ ओहमवर उणे २ व्होल्ट, बेरीज शून्य. आणि बॅटरी तर १२ व्होल्टची. हिशेब तिथेच फसला. चिन्ह राहू दिलं, तर मधल्या रेझिस्टरमध्ये १ वजा उणे १.५, म्हणजे २.५ अँपिअर आणि त्यावर १० व्होल्ट. २ आणि १० मिळून १२. जुळलं. उजवीकडेही १३ मधून ३ गेले की तेच १० उरतात.

खरी चूक कशी दिसते? बऱ्याचदा ती अधिक चिन्हाआड दडलेली असते. दुसऱ्या समीकरणात उजव्या बॅटरीचं चिन्ह चुकून अधिक १३ लिहिलं, तर उत्तरं येतात ६.२ आणि ६.३ अँपिअर. दोन्ही अधिक, दोन्ही दिसायला नीटनेटकी, आणि दोन्ही साफ चूक. पकडायचं असेल तर शक्ती मोजा. या उत्तरानुसार डावी बॅटरी ७४.४ वॉट देते आणि उजवी ८१.९ वॉट घेते. देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याला जास्त, शिवाय रेझिस्टर तापतात ते वेगळंच! विद्यार्थिनीच्या मूळ उत्तरात दोन्ही बॅटऱ्या मिळून १२ आणि १९.५, म्हणजे ३१.५ वॉट देतात. तीन रेझिस्टर २, ४.५ आणि २५, म्हणजे तेवढेच ३१.५ वॉट खर्च करतात. हा ताळा करायला दोन मिनिटंही लागत नाहीत. चिन्हाकडे पाहून उत्तराचा खरेखोटेपणा ठरवण्याची गरजच उरत नाही.

एका ठिकाणी मात्र उणे चिन्ह गंभीरपणे घ्यावं लागतं. उजव्या वाटेत डायोड असेल आणि तो फक्त घड्याळाच्या दिशेनं करंट जाऊ देत असेल, तर उणे १.५ हे उत्तर चालणार नाही. ती वाट एकेरी आहे. डायोड चालू आहे असं गृहीत धरून आपण समीकरण मांडलं, ते गृहीतक इथे कोसळलं. मग डायोड बंद धरून गणित पुन्हा मांडायचं: उजवा करंट शून्य, डावा १२ भागिले ६, म्हणजे २ अँपिअर.

तिच्या गणितात डायोड नाही. तेव्हा उत्तरपत्रिकेत उणे १.५ अँपिअर तसंच लिहावं आणि शेजारी एक ओळ जोडावी: प्रत्यक्ष करंट १.५ अँपिअर, दाखवलेल्या बाणाच्या उलट दिशेनं.