घरच्या खोलीत व्हॉइसओव्हर: गोधडी काय करते, काय करत नाही

गैरसमज: फोनचा माइक साधा असतो, म्हणून आवाज घरगुती येतो.

आजच्या मध्यम किमतीच्या फोनचा माइकसुद्धा बोललेला आवाज पुरेसा स्वच्छ टिपतो. ऐकणाऱ्याला खटकते ती खोली. तोंडातून निघालेला आवाज माइकपर्यंत दोन वाटांनी पोचतो. एक वाट सरळ, दुसरी भिंत, छत आणि फरशीवर आपटून येणारी. फोनचं अंतर निम्मं केलं की सरळ येणारा आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो. घुमणारा आवाज मात्र फोन खोलीत कुठेही ठेवला तरी जवळपास तेवढाच राहतो.

एक नेहमीची बेडरूम घेऊ. 10 बाय 12 फुटांची, छत 9 फुटांवर, गिलावा केलेल्या भिंती, खाली गुळगुळीत टाइल्स आणि सामान बेताचंच. अशा खोलीत तोंडापासून फूट-दीड फुटावरच सरळ आवाज आणि घुमलेला आवाज बरोबरीला येतात. त्यापुढे खोली जिंकते. फोन टेबलावर दोन फुटांवर ठेवून वाचलं, तर आवाज विहिरीत बोलल्यासारखा येणारच. तोच फोन 15 सेंटिमीटरवर आणला, म्हणजे वीतभराहून थोडा जवळ, तर सरळ आवाज 12 डेसिबलने वर जातो. काहीही विकत न घेता मिळणारी ही सर्वांत मोठी सुधारणा आहे.

पण अंतर मोजायचं ते माइकपासून, स्क्रीनपासून नव्हे. बहुतेक फोनमध्ये मुख्य माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेजवळ असतो. आणखी एखादा वर किंवा मागच्या कॅमेऱ्यापाशी असतो आणि व्हिडिओ घेताना तो वापरला जाऊ शकतो. कोणता चालू आहे हे कळण्यासाठी रेकॉर्डिंग सुरू करून प्रत्येक छिद्राजवळ नखाने हलकेच खरवडा आणि ऐका. जिथली खरखर सर्वांत मोठी, तो तुमचा माइक.

गैरसमज: मग ओठांना टेकवूनच बोलावं, रेडिओसारखा खर्ज येतो.

रेडिओवरच्या निवेदकाचा माइक बहुधा एका दिशेने ऐकणारा असतो. अशा माइकच्या अगदी जवळ गेलं की खालचे सूर फुगतात आणि आवाज भारदस्त होतो. फोनचा छोटा माइक मुळात सगळ्या दिशांनी सारखंच ऐकतो, त्यामुळे त्याच्याजवळ जाऊन तो खर्ज मिळत नाही. मिळतात ते हवेचे धक्के. आपल्या भाषेत प, फ, ब, भ, ख, थ यांची रेलचेल आहे. तळहात तोंडासमोर धरून ‘फणस’, ‘भाकरी’, ‘थांब’ म्हणा, झोत हाताला लागेल. तोच झोत माइकवर बसला की ‘धप्’ असा आवाज उमटतो आणि तो नंतर पुसणं फार अवघड असतं.

सुटका सोपी आहे. आवाज चहूकडे पसरतो, झोत मात्र समोरच जातो. म्हणून फोन तोंडासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला, सुमारे 45 अंश तिरका ठेवायचा आणि अंतर तेच 15 ते 20 सेंटिमीटर राखायचं. हातात धरलेल्या फोनवर बोटांची खसखस उमटते. त्यापेक्षा पुस्तकांची चळत रचून वर दुमडलेला टॉवेल टाका आणि माइकची कड थोडी बाहेर येईल असा फोन त्यावर ठेवा. टॉवेल दुहेरी काम करतो: टेबलाची थरथर अडवतो आणि टेबलावर आपटून येणारा आवाजही शोषतो. उघड्या टेबलावरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळला की बोलणं डब्यातून आल्यासारखं पोकळ वाटतं.

गैरसमज: भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम लावला की स्टुडिओ तयार.

हा समज सर्वांत चिवट आणि नुकसानकारकही आहे. अंड्यांचे ट्रे म्हणजे पातळ पुठ्ठा, बोलण्याच्या आवाजातलं तो फारसं काही शोषत नाही. एक इंची फोम वरचे, टोकदार सूर शोषतो आणि खालची घूं तशीच ठेवतो. आवाज स्वच्छ होण्याऐवजी मंद होतो. शिवाय बंद खोलीत कागद आणि स्वस्त फोम ही आगीला आमंत्रण देणारी सामग्री आहे.

पातळ थर खालचे सूर का शोषत नाही, याचं कारण लाटेच्या लांबीत आहे. 200 हर्ट्झच्या सुराची, म्हणजे बाईच्या आवाजाच्या नेहमीच्या पट्टीच्या आसपासच्या सुराची, एक लाट सुमारे 1.7 मीटर लांब असते. एवढ्या लांब लाटेला बोटभर जाडीचा थर जाणवतही नाही. जाडी हवी. आणि जाडी नसेल तर भिंतीपासून अंतर हवं, कारण भिंतीला लागून हवेची हालचाल जवळजवळ थांबलेली असते. मऊ वस्तू आवाज शोषते ती तिच्यातून हवा हलते तेव्हाच. म्हणून भिंतीला चिकटवलेल्या गोधडीपेक्षा भिंतीपासून वीतभर पुढे, दोरीवर दुहेरी टाकलेली गोधडी जास्त काम करते. कापसाची गादी उभी करता आली तर फारच उत्तम.

आता त्याच बेडरूममध्ये मांडणी करू. कपड्यांनी भरलेलं कपाट असेल तर त्याची दारं उघडून त्याच्याकडे तोंड करून उभे राहा. फोन तुमच्या आणि कपड्यांच्या मध्ये, कपड्यांपासून फूटभर अलीकडे ठेवा. बोलणारा माणूस आवाज मुख्यतः पुढे फेकतो, त्यामुळे हा पहिला आघात कपड्यांनी झेलणं महत्त्वाचं. फोनचा माइक तुमच्या पाठीमागचंही ऐकतो, म्हणून पाठीमागे दोरीवर गोधडी टाका. पायाखाली सतरंजी अंथरा. पलंगावरची गादी आहे तिथेच काम करते. डोक्यावरून चादर ओढून तंबू करण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. पातळ कापड वरचेच सूर शोषतं, त्यामुळे आवाज कोंडल्यासारखा होतो आणि घामाने वाचन बिघडतं.

मांडणी जमली का, हे टाळी वाजवून कळतं. आधी मोकळ्या खोलीत वाजवा, ‘टण्ण’ अशी शेपटी ऐकू येईल. मग कपाटासमोर वाजवा. शेपटी तुटली असेल तर रेकॉर्डिंगला लागा.

गैरसमज: गोधड्या लावल्या की बाहेरचा आवाज येत नाही.

येतो. मऊ वस्तू खोलीच्या आतला घुमारा शोषतात. बाहेरचा हॉर्न, शेजारच्या कुकरची शिट्टी किंवा वरच्या मजल्यावरचं ड्रिल अडवायला वजनदार भिंत आणि बंद फटी लागतात. कापडात ते वजन नसतं. इथे उपाय वेळेचा: पहाटे किंवा रात्री उशिरा, खिडक्या लावून, पंखा बंद करून वाचा. फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबेपर्यंत थांबा. फोन विमान मोडवर टाका. उरलेल्या गोंगाटावरही जवळचं अंतरच मदत करतं. आवाज 12 डेसिबलने वर आला की पातळी जुळवताना गोंगाट तेवढाच खाली जातो.

गैरसमज: नंतर सॉफ्टवेअर साफ करेल.

पंख्याची एकसुरी घरघर बऱ्यापैकी काढता येते. त्यासाठी वाचण्याआधी दहा सेकंद गप्प राहून खोलीची शांतता रेकॉर्ड करून ठेवा. घुमारा मात्र तुमचाच उशिरा आलेला आवाज असतो. तो ओरबाडून काढला की शब्दांची टोकंही झिजतात. तीच गत शिखर छाटल्या गेलेल्या आवाजाची. आलेखात लाटांचे माथे सपाट दिसले, तर आवाज फाटला आहे. थोडं मागे सरका आणि पुन्हा वाचा. ब्लूटूथ इअरफोनचा माइक वापरू नका, त्यातून आवाज बहुधा टेलिफोनसारखा आखडून येतो. अ‍ॅपमध्ये डब्ल्यूएव्ही किंवा लॉसलेस हा पर्याय असेल तर तोच निवडा.

एक मर्यादा राहतेच. अगदी हळू, कुजबुजत्या वाचनात फोनच्या माइकची स्वतःची सरसर वर येते आणि तिथे वेगळा माइकच लागतो. माहितीपटाचं निवेदन, शाळेचा पाठ, कथावाचन यांना फोन पुरतो. पूर्ण संहिता वाचण्याआधी त्याच चार ओळी दोन फुटांवरून आणि 15 सेंटिमीटरवरून रेकॉर्ड करा, वायरच्या हेडफोनवर एकामागून एक ऐका आणि मगच गोधडी कुठे टांगायची ते ठरवा.