ऑनलाइन बाजारपेठेतील कायदेशीर विक्रेत्याचा शोध

ऑनलाइन बाजारपेठेतील कायदेशीर विक्रेत्याचा शोध म्हणजे संकेतस्थळावर दिसणाऱ्या दुकानाच्या नावामागे कायद्याच्या दृष्टीने विक्रीस जबाबदार असलेली व्यक्ती, भागीदारी किंवा कंपनी कोणती, हे निश्चित करण्याची प्रक्रिया होय. वस्तू सदोष निघाल्यास नोटीस कोणाला पाठवायची आणि ग्राहक आयोगात विरुद्ध पक्ष म्हणून कोणाचे नाव लिहायचे, हे या शोधावर अवलंबून असते. भारतात त्यासाठी सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे बिलावरील वस्तू व सेवा कराचा (जीएसटी) क्रमांक.

== पार्श्वभूमी ==

मोठ्या ऑनलाइन बाजारपेठा स्वतःचा माल विकत नाहीत. त्या विक्रेता व ग्राहक यांना एकत्र आणणारा मंच पुरवतात. परकीय गुंतवणूक असलेल्या अशा मंचांना मालाचा साठा स्वतःच्या मालकीचा ठेवण्यास भारताच्या गुंतवणूक धोरणानुसार मनाई आहे. त्यामुळे एकाच खरेदीत चार वेगवेगळी नावे येऊ शकतात: मंच, मंचावरील दुकानाचे नाव, कायदेशीर विक्रेता आणि वेष्टनावर छापलेला उत्पादक किंवा आयातदार. दुकानाचे नाव ही केवळ पाटी असते. वेष्टनावरील उत्पादकाने वस्तू बनवलेली असली, तरी ती ग्राहकाला त्यानेच विकली असे ठरत नाही.

== बिल आणि त्यावरील क्रमांक ==

जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याच्या करबिलावर त्याचे नाव, पत्ता व पंधरा अक्षरांकांचा नोंदणी क्रमांक असणे बंधनकारक आहे. बिल मंचावरील मागणीच्या नोंदीतून उतरवून घेता येते. पुष्कळदा मंच स्वतःच्या हाताळणी किंवा पोहोच शुल्काचे वेगळे बिल देतो. त्यावरील क्रमांक मंचाचा असतो. विक्रेत्याच्या शोधासाठी वस्तूचे बिलच घ्यावे लागते.

क्रमांकाची रचना पुढील काल्पनिक नमुन्यावरून समजते:

```
27 AAAPD0000A 1 Z 5
```

पहिले दोन अंक राज्याचे असतात. २७ म्हणजे महाराष्ट्र, २४ म्हणजे गुजरात. पुढील दहा अक्षरांक हा विक्रेत्याचा पॅन असतो. तेरावे स्थान त्याच पॅनवर त्या राज्यात घेतलेल्या नोंदणीचा अनुक्रम दाखवते, चौदाव्या स्थानी सामान्यतः Z असते आणि शेवटचे स्थान पडताळणीचे असते.

पॅनचे चौथे अक्षर विशेष बोलके आहे. P असल्यास विक्रेता एक व्यक्ती, F असल्यास भागीदारी संस्था, तर C असल्यास कंपनी असते. पॅनमध्ये आधी पाच अक्षरे, मग चार अंक आणि शेवटी एक अक्षर हा क्रम ठरलेला असल्याने पुसट बिलावरील शून्य आणि O यांतील संभ्रमही त्यावरून सुटतो.

== शोधाचे उदाहरण ==

कल्याण तालुक्यातील आंबिवली येथील एका ग्राहकाने मिक्सर मागवला व तो आठ दिवसांत जळाला, असे समजू. दुकानाकडून उत्तर येत नाही. बिलावर भिवंडी तालुक्यातील गोदामाचा पत्ता आणि २७ने सुरू होणारा क्रमांक आहे. विक्रेता जवळच, भिवंडीत आहे, असा समज होणे येथे स्वाभाविक आहे; परंतु तो बहुधा चुकीचा ठरतो. भिवंडी परिसरातील मोठ्या गोदामांत अनेक विक्रेत्यांचा माल एकत्र ठेवलेला असतो आणि बिलावरील पत्ता माल जेथून निघाला त्या जागेचा असू शकतो. तेथे पाठवलेली नोटीस विक्रेत्याच्या हाती पडेलच असे नाही.

पहिली पायरी म्हणून services.gst.gov.in या शासकीय संकेतस्थळावरील `Search Taxpayer` विभागात `Search by GSTIN/UIN` निवडून बिलावरील क्रमांक भरावा. यासाठी खाते उघडावे लागत नाही. उत्तरात `Legal Name of Business` म्हणजे कायदेशीर नाव आणि `Trade Name` म्हणजे व्यापारनाव दिसते. ही दोन नावे वेगळी असणे गैर नाही. `Constitution of Business` येथे `Proprietorship` असल्यास व्यवसाय एकल मालकीचा असतो. अशा व्यवसायाला मालकाहून वेगळे कायदेशीर अस्तित्व नसते. म्हणून तक्रारीत मालकाचे नाव लिहून त्यापुढे व्यापारनाव नमूद करणे योग्य ठरते.

आता पत्ता. उदाहरणातील विक्रेता मूळचा सुरतचा आहे, असे धरू. महाराष्ट्रातील गोदामात माल ठेवून तेथून विकण्यासाठी त्याला महाराष्ट्राची वेगळी नोंदणी घ्यावी लागते. त्या नोंदणीत व्यवसायाचे मुख्य ठिकाण म्हणून गोदामाचा किंवा केवळ नोंदणीपुरत्या भाड्याने घेतलेल्या कार्यालयाचा पत्ता असू शकतो. मात्र राज्य बदलले तरी पॅन बदलत नाही. म्हणून क्रमांकातील तिसऱ्यापासून बाराव्या स्थानापर्यंतचे दहा अक्षरांक घेऊन त्याच विभागातील `Search by PAN` येथे शोध घ्यावा. त्या पॅनवरील सर्व राज्यांतील नोंदण्यांची यादी मिळते. यादीतील २४ने सुरू होणारा क्रमांक उघडला की सुरतचा पत्ता समोर येतो. सर्वांत जुनी नोंदणी बहुधा मूळ व्यवसायाची असते. नोंदणीची तारीख त्याच पानावर दिलेली असते.

चौथे अक्षर C असल्यास कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव शोधून नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता पडताळता येतो.

== विसंगती आणि मर्यादा ==

नोंदणीची स्थिती `Cancelled` दिसल्यास रद्द झाल्याची तारीख बिलाच्या तारखेशी ताडून पाहावी. नोंदणी विक्रीनंतर रद्द झाली असेल, तर विक्रेत्याची त्या विक्रीची जबाबदारी संपत नाही. ती विक्रीपूर्वीच रद्द झालेली असेल, तर बिलच संशयास्पद ठरते. दुसऱ्याच व्यवसायाचा क्रमांक बिलावर छापलेला असणे, हीही शक्यता असते. बिलावरील नाव संकेतस्थळावरील दोन्ही नावांशी जुळत नसल्यास तसे समजावे. जीएसटीचे संकेतस्थळ नोंदणी कोणाच्या नावावर आहे एवढेच सांगते. दुकान प्रत्यक्षात कोण चालवतो, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून एकाच राज्यात विक्री करणाऱ्या, उलाढाल मर्यादेखालील छोट्या विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीशिवायही मंचावर वस्तू विकता येतात. अशा विक्रेत्याच्या बाबतीत वरील मार्ग उपयोगी पडत नाही.

== माहिती मागण्याचा हक्क ==

अशा वेळी ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० मधील नियम ५ उपयोगी पडतो. विक्रेत्याचे व्यवसायनाव, तो नोंदणीकृत आहे किंवा नाही आणि त्याचा भौगोलिक पत्ता ही माहिती मंचाने ठळकपणे दाखवली पाहिजे. शिवाय खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केल्यास विक्रेत्याच्या मुख्यालयाचा व शाखांचा पत्ता, ईमेल आणि वाद मिटवण्यासाठी संपर्कास आवश्यक असलेली अन्य माहिती मंचाने पुरवणे बंधनकारक आहे. मागणी मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी व तीत मागणी क्रमांक, बिल क्रमांक आणि तारीख द्यावी. या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि तिचे निवारण एका महिन्यात करायचे असते.

विक्रेता परराज्यातील निघाला म्हणून तक्रार तेथे जाऊन करावी लागत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ नुसार ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात ती दाखल करता येते. उदाहरणातील ग्राहकासाठी तो ठाणे जिल्ह्याचा आयोग होय. सुरतचा पत्ता लागतो तो विरुद्ध पक्षाला नोटीस पोहोचवण्यासाठी. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. संकेतस्थळावरील नोंदी पुढे बदलू शकतात. त्यामुळे शोधाच्या दिवशीच दोन्ही नोंदणी पानांच्या दिनांकित प्रती बिलासोबत जपून ठेवणे आवश्यक असते.