कंपनीचा कागद चॅटजीपीटीत गेला, त्यानंतर

मार्च २०२३ मध्ये सॅमसंगने आपल्या सेमीकंडक्टर विभागातल्या कर्मचाऱ्यांना चॅटजीपीटी वापरायची मुभा दिली. त्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांत तीन प्रकार घडल्याच्या बातम्या कोरियन वृत्तपत्रांत आल्या. एकाने प्रोग्राममधली चूक सापडत नाही म्हणून कंपनीचा सोर्स कोड त्यात टाकला. दुसऱ्याने सदोष यंत्रे ओळखण्याचा कोड सुधारून मागितला. तिसऱ्याने बैठकीचे रेकॉर्डिंग मजकुरात उतरवले आणि इतिवृत्त तयार करून घेण्यासाठी तो सगळा मजकूर पेस्ट केला.

यात कोणीही चोरी केली नव्हती. तिघेही आपले काम लवकर उरकू पाहत होते. म्हणूनच हे प्रकरण प्रत्येक कार्यालयाने समजून घ्यावे असे आहे. कोड लिहिणारे थोडे असतात, पण इतिवृत्त, कोटेशन, करारनामा किंवा तक्रारीचे उत्तर सगळीकडेच लिहावे लागते.

एंटर दाबताक्षणी तो मजकूर दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर पोहोचतो. तिथे तो संभाषणाच्या नोंदीत साठतो. वैयक्तिक खात्यातली सेटिंग बदललेली नसेल, तर पुढचे मॉडेल शिकवण्यासाठीही तो वापरला जाऊ शकतो. आपला करार उद्या जसाच्या तसा कोणाच्या तरी उत्तरात उमटेल, ही भीती लोकांना जास्त वाटते, पण तशी शक्यता कमी असते. साठवलेल्या नोंदींचा धोका अधिक जवळचा आहे. २० मार्च २०२३ रोजी एका सॉफ्टवेअर दोषामुळे चॅटजीपीटीच्या काही वापरकर्त्यांना इतरांच्या संभाषणांची शीर्षके दिसली होती. पुसलेला मजकूर लगेच नाहीसा होतो, असेही नाही. २०२५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या खटल्यात अमेरिकी न्यायालयाने ओपनएआयला पुसलेली संभाषणेही काही काळ जपून ठेवायला लावली होती.

भारतातल्या कंपनीला आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ग्राहकाची माहिती बाहेरच्या सेवेकडे गेली, तरी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार तिची जबाबदारी कंपनीवरच राहते. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

मे २०२३ मध्ये सॅमसंगने कंपनीच्या उपकरणांवर अशा साधनांना बंदी घातली. जानेवारी २०२५ मध्ये भारताच्या अर्थ मंत्रालयानेही कार्यालयीन संगणकांवर ती वापरू नयेत अशी सूचना काढली. अत्यंत गोपनीय कामासाठी बंदी योग्यच आहे. मात्र सर्वसाधारण कंपनीत केवळ बंदी घातली, तर कर्मचारी तोच कागद स्वतःच्या मोबाइलवर उघडतो आणि मग कंपनीला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्यामुळे धोरणाची सुरुवात पर्याय देण्यापासून व्हायला हवी. कंपनीने व्यावसायिक खाते घ्यावे. मजकूर प्रशिक्षणासाठी वापरला जाणार नाही, तो किती दिवस साठवला जाईल आणि कोण पाहू शकेल, या तीन गोष्टी करारात लेखी असाव्यात. मग कागदांचे तीन गट पाडावेत. जाहिरात किंवा प्रसिद्ध झालेले माहितीपत्रक कुठल्याही साधनात चालेल. अंतर्गत टिपणे आणि इतिवृत्ते फक्त कंपनीच्या खात्यात जावीत. आधार, पॅन, पगार, आजारपण, पासवर्ड, न उघडलेल्या निविदा आणि ज्यांच्या गोपनीयतेचा करार झाला आहे असे ग्राहकांचे कागद कुठेच पेस्ट करू नयेत.

नाव खोडले की झाले, हा समज इथे घात करतो. समजा, बँकेतल्या अधिकाऱ्याला कर्ज नाकारल्याचे पत्र लिहायचे आहे. त्याने नाव काढले, पण ‘कोल्हापूरजवळ तीन भावांची फाउंड्री, गेल्या वर्षी आग लागली, थकबाकी ४२ लाख’ हे तसेच ठेवले, तर त्या भागातला कोणीही कर्जदार ओळखेल. खरे तर साधनाला त्यातले काहीच सांगायची गरज नाही. ‘परतफेडीची क्षमता अपुरी असल्याने लघुउद्योगाचे कर्ज नाकारणारे सौम्य भाषेतले पत्र लिहून द्या’ एवढे पुरते. नाव, रक्कम आणि तपशील मसुदा हाती आल्यावर स्वतः भरावेत.

चूक झालीच तर काय करायचे, हेही धोरणात लिहिलेले हवे. त्याच दिवशी ठरलेल्या अधिकाऱ्याला कळवावे, संभाषण पुसावे, पासवर्ड गेला असेल तर तत्काळ बदलावा आणि ग्राहकाची माहिती असेल तर कायद्याप्रमाणे कोणाला कळवायचे ते ठरवावे. आपणहून सांगणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असे आश्वासन त्यात स्पष्ट शब्दांत असावे. शिक्षेच्या धाकाने चूक लपवली गेली, तर पासवर्ड बदलायला मिळालेले मोलाचे तासही हातचे जातात.