फीला दर कोणत्या दिवसाचा?

समजा, मुलीच्या लंडनमधल्या फीसाठी पालकांनी सोमवारी ए-२ अर्ज, विद्यापीठाचं पत्र आणि पैसे बँकेत दिले. पाउंडाचा दर ठरला १०५.४०, पैसे मात्र गुरुवारी १०७.१० ने गेले. २०,००० पाउंडांवर ३४,००० रुपयांचा फटका! तक्रारीच्या पत्रात मनस्तापापेक्षा तारखा बोलतात. कागदपत्रांची पोच आणि खात्यातून रक्कम वजा झाल्याची नोंद जोडावी, स्विफ्ट संदेशाची प्रत मागावी. पैसे खरोखर कधी निघाले ते त्यातच दिसतं. दर लेखी ‘बुक’ झालेला नसेल तर दावा लंगडा पडतो, तरी उशिराचं कारण विचारावंच. मागणी नेमकी हवी: ‘सोमवारच्या दराने हिशेब करून ३४,००० रुपये परत जमा करावेत.’ ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.